सुवर्णमहोत्सवी पत्रिकेचा मसुदा

लग्नपत्रिकेचा मजकूर लिहिणे हे आपल्याकडे फारसे अवघड काम कधीच नव्हते. वर कोणाचा, वधू कोणाची, मुहूर्त कोणता आणि कार्यालय कोठे, एवढा तपशील छापखान्याच्या नमुनावहीतील एखाद्या मायन्यात बसविला की पत्रिका सिद्ध होत असे. आणि त्या मायन्याला कित्येक पिढ्यांची संमती असल्यामुळे कोणाला काय म्हणावे याचा विचार नव्याने करण्याचा प्रसंग यजमानावर येत नसे. परंतु आई-वडिलांच्या विवाहास पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून त्यांची कर्तीसवरती मुले जेव्हा आप्तेष्टांना पाचारण करू पाहतात, तेव्हा तो सगळा क्रम उलटा होतो. लग्नपत्रिकेत वडीलधारे निमंत्रण करतात आणि ज्यांच्यासाठी कार्य असते ते वयाने धाकटे असतात. इथे धाकटी माणसे यजमान होतात, उत्सवमूर्ती वडीलधारे असतात, आणि ज्या प्रसंगाचा महोत्सव करावयाचा त्या प्रसंगाला यजमानांपैकी एकही हजर नसतो. या अवघडलेपणाकडे लक्ष न देता लग्नपत्रिकेचाच मजकूर जुजबी फेरफार करून छापला, म्हणजे तो कोठे ना कोठे खोटा वाटू लागतो.

माझे एक स्नेही साताऱ्याच्या कचेरीतून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या वडील बंधूंचा विवाह 18 मे 1975 रोजी झाला, आणि 2025 च्या मे महिन्यात त्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होणार म्हणून घरातील मुलांनी सोहळा योजला. पत्रिकेचा पहिला मसुदा बंगळुरास असणाऱ्या धाकट्या मुलाने पाठविला होता. तो पुढ्यात घेऊन ज्येष्ठ कन्या, जिला सारे घर ताई म्हणते, आपल्या काकांकडे आली. त्या वेळी मी तेथे होतो. पुढे जे बोलणे झाले ते मला स्मरते तसे देत आहे. ते एका घरचे असले तरी त्यातील अडचणी त्या एका घरापुरत्या नाहीत, असे मला मनापासून वाटते.

काका : ताई, पहिला प्रश्न दिवसाचा. तुम्ही 18 मे धरलात, पण लग्न तिथीने लागले होते. दादांचे लग्न वैशाखात, शुद्ध पक्षात लागले, आणि ती तिथी यंदा मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात येते. पंचांगाला डावलून इंग्रजी तारखेला पन्नास वर्षे भरली असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?

ताई : काका, दोन्ही गणिते आपापल्या जागी खरी आहेत. पन्नास सौर वर्षांत, या वेळच्या तेरा लीप वर्षांसह, 18263 दिवस होतात. 618 चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे 18250. म्हणून तिथी तारखेच्या तेराएक दिवस आधी येते. 1975 ची वैशाख पौर्णिमा 25 मे रोजी होती आणि यंदाची 12 मे रोजी आहे, हे तुम्हीच पंचांगात पाहून सांगितलेत. पण 18263 ला सातांनी निःशेष भाग जातो, म्हणून लग्न ज्या वारी लागले तोच रविवार यंदा त्याच तारखेला आला आहे. बाहेरगावच्या माणसांना रविवार सोयीचा, आणि आई-बाबांनी आजवर लग्नाचा वाढदिवस पाळला तोही तारखेनेच.

काका : मग असे करू. तिथीच्या दिवशी घरी अभिषेक करावा, त्याचे निमंत्रण कोणालाही नको, जमाव तारखेला. पत्रिकेवर मात्र मूळ विवाहाचे शक 1897 आणि महिना वैशाख हे घालावे. ज्या माणसांना तो दिवस आठवत असेल, त्यांना तो उन्हाळ्याने आणि वैशाखाने आठवत असेल.

इथवर दोघांत फारसे अंतर नव्हते. काकांनी मसुद्याचे दुसरे कलम वाचले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण धाकट्या पुतण्याने मोठ्या हौसेने लिहिले होते की आई-बाबांचा विवाह त्या दिवशी पुन्हा एकदा लावण्यात येईल, अंतरपाट धरला जाईल, मंगलाष्टके म्हटली जातील आणि उपस्थितांनी अक्षता टाकावयाच्या आहेत.

काका : हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे तू नीट ऐकून घे, कारण मी केवळ जुन्या वळणाचा म्हणून बोलतो असा तुझा समज होऊ नये. विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक आणि तो त्या दोघांचा एकदाच झाला. कायद्याच्या भाषेतही, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जेथे सप्तपदीचा रिवाज आहे तेथे सातवे पाऊल पडताक्षणी विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. जे पूर्ण झाले ते पुन्हा करून दाखविणे म्हणजे ते अपुरे होते असे सुचविणे. आणि अंतरपाट तरी कशासाठी? ज्या दोन माणसांनी एकमेकांकडे अद्याप नीट पाहिलेले नाही, त्यांच्यामध्ये तो मुहूर्तापर्यंत धरावयाचा असतो. दादा-वहिनींनी एकमेकांची आजारपणे काढली, एकमेकांच्या आई-वडिलांना शेवटचे पाणी पाजले. त्यांच्यामध्ये वस्त्र धरून आपण काय लपविणार आहोत?

ताई : नातवंडांनी ते लग्न पाहिलेले नाही, काका. माझ्या मुलीला आजी नवरी झालेली पाहावयाची आहे, आणि तिच्या या इच्छेत मला थट्टा दिसत नाही, माया दिसते. शिवाय शास्त्राने या प्रसंगासाठी काय ठेवले आहे ते तरी सांगा. साठीला उग्ररथ शांत, सत्तरीला भीमरथी, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. हे सारे विधी बहुतकरून पुरुषाच्या वयावर मोजलेले आहेत. पत्नी शेजारी पाटावर बसते, पण तिची साठी कधी झाली, सत्तरी कधी झाली, हे घरात किती जणांना ठाऊक असते? लग्नाची पन्नास वर्षे हा एकच हिशेब असा आहे की जो दोघांच्या नावावर सारखाच पडतो. तो शास्त्रात नसेल, राणी व्हिक्टोरियाच्या 1887 च्या ज्युबिलीच्या दिवसांत आपल्याकडे अशा सुवर्णमहोत्सवांची हवा आली असेल. पण आईची वर्षे ज्यात बाबांच्या वर्षांइतकीच मोजली जातात असा हा दिवस मला परका वाटत नाही.

या तिच्या बोलण्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला स्वतःला असे वाटते की या विषयावर मी आजवर ऐकलेले हे सर्वांत नेमके विधान होते. कारण सुवर्णमहोत्सवावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप, तो पाश्चात्यांकडून आला हा, खरा असूनही ती ज्या उणिवेकडे बोट दाखवीत होती तिच्यापुढे त्याचे वजन फार राहत नाही.

काका : तुझे म्हणणे मी मान्य करतो. शास्त्रात नाही म्हणून करू नये असे मी म्हणत नाही. शास्त्रात जे आहे त्याची नक्कल करू नये एवढेच माझे म्हणणे. दोघांनी एकमेकांना पुष्पहार घालावा, तुझ्या मुलीने आजीच्या केसांत गजरा माळावा. आणि लग्न पाहावयाचेच असेल, तर 1975 ची मूळ पत्रिका माझ्या दप्तरात आहे. ती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवू. त्या कागदावर जी नावे आहेत त्यांतली किती माणसे आज समोर बसली आहेत हे मुलांना कळले, म्हणजे त्यांना अंतरपाट धरल्यापेक्षा अधिक लग्न दिसेल.

त्यांनी ती पत्रिका आणली. पिवळसर पडलेल्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना लावलेले कुंकू अजून फिकट दिसत होते. मथळ्याला कुलस्वामिनी प्रसन्न, खाली कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि मजकुरात वधूचा उल्लेख ‘चि. सौ. कां. कुसुम’ असा होता. ताईने ते नाव वाचले आणि तिचा स्वर बदलला.

ताई : धाकट्याच्या मसुद्यात आईचे नाव आहे ‘सौ. वसुधा’. तिला गेली पन्नास वर्षे याच नावाने सारे ओळखतात, म्हणून त्याचेही चुकले असे म्हणता येणार नाही. पण ज्या दिवसाचा आपण महोत्सव करतो आहोत, त्या दिवशी सकाळी ती कुसुम होती. दुपारी ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीने नवे नाव लिहिले आणि पहिले नाव माहेरच्या चार घरांपुरते उरले. आता त्या चार घरांतूनही तिला कुसुम म्हणणारे एक मामा आणि एक मावशी एवढेच शिल्लक आहेत. पत्रिकेवर दोन्ही नावे यावीत असे मला वाटते.

काका : नाव बदलण्याचा रिवाज मोडला म्हणून काही वहिनींचे नाव परत मिळत नाही, ताई. आणि पत्रिका पाहून लोक विचारतील की ही दुसरी कोण.

ताई : विचारतील तर सांगू. शासनाच्या दप्तरात नाव बदलले की राजपत्रात जुने आणि नवे अशी दोन्ही नावे छापतात, हे मला तुम्हीच एकदा समजावून दिले होते. मग घरच्या कागदाने काय अपराध केला आहे? मामा आले आणि त्यांना पत्रिकेवर आपल्या बहिणीचे नाव सापडलेच नाही, तर ते कोणाच्या लग्नाला आले होते?

काकांनी पेन्सिल घेतली आणि मसुद्यातील ‘सौ. वसुधा’ या शब्दांपुढे ‘माहेरची कुसुम’ असे बारीक अक्षरांत लिहिले. त्याबरोबरच त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. मसुद्यात आई-वडिलांच्या नावांमागे नुसते ‘श्री.’ आणि ‘सौ.’ होते. मुलाने बापाचा उल्लेख ‘श्री.’ असा करणे हे कचेरीच्या यादीला शोभते. मुलांच्या मुखी आई-वडिलांसाठी ‘तीर्थरूप’ हा मायना ठरलेला आहे, इतर वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’. पत्रिका मुलांच्या नावाने निघावयाची असेल, तर ‘आमचे तीर्थरूप आई-बाबा’ असे लिहून मग त्यांची नावे द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला कोण कोणाविषयी बोलत आहे हे पहिल्याच ओळीत समजते. ताईला हे लगेच पटले.

वादाचा खरा गाभा पुढे होता.

काका : आता निमंत्रक. तुझ्या भावाने तुम्हां तिघा भावंडांची नावे जोडीने घातली आहेत : तू आणि जावई, मधली आणि तिचे यजमान, मग तो आणि सूनबाई. मुलींनी आई-वडिलांसाठी खर्च करू नये असे मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी दादांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी इस्पितळात रात्री कोणी काढल्या हे मी पाहिले आहे. पण जावई हा या घरचा मानकरी. मांडवात त्याचे स्वागत व्हावयाचे, त्याने दारात उभे राहून दुसऱ्यांचे स्वागत करावयाचे नसते. त्याचे नाव यजमानांत घातलेस तर त्याचा मान वाढत नाही, कमी होतो.

ताई : हा मान त्यांना स्वतःलाच नको असेल तर? माझ्या यजमानांनी बाबांना वीस वर्षे बाबाच म्हटले. ते पाहुणे म्हणून समोरच्या खुर्चीत बसले तर त्यांना परके वाटेल. काका, तुम्ही म्हणता तो मान ज्या काळचा, त्या काळी मुलगी दिली की तिच्या घरचे पाणीही बाप पीत नसे. त्या घराकडून घेणे कमीपणाचे होते म्हणून त्या घराला सतत देत राहावयाचे आणि उंच आसनावर बसवावयाचे. तो अडसर गेला, मग आसनही खाली आले पाहिजे.

काका : आणि क्रम? तू थोरली म्हणून तुझे नाव पहिले, म्हणजे पत्रिकेवरचे पहिले आडनाव दुसऱ्याच घराण्याचे. दादांचे वयस्कर स्नेही पत्रिका हातात घेतील आणि क्षणभर त्यांना कोणाकडचे निमंत्रण हेच कळणार नाही. हे मी मनाने रचून सांगत नाही. टपालाने आलेल्या कागदावर वृद्ध माणूस पहिली दोन नावे वाचतो, ओळख पटली तर पुढे जातो, नाहीतर चष्मा काढून कागद बाजूला ठेवतो.

ही अडचण व्यवहाराची होती आणि ती खोटी नव्हती. मुली निमंत्रक असलेल्या कित्येक पत्रिकांत ती मी स्वतः अनुभवली आहे. तिच्यावर तोडगा निघाला तो एका वेगळ्याच विषयातून, आणि तो विषय ताईने अतिशय कष्टाने काढला.

ताई : मसुद्यात लिहिले आहे की पाच सुवासिनी आई-बाबांना औक्षण करतील. काका, आत्याचे काय?

आत्या म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण. 1975 साली हे स्थळ तिनेच आणले, बोलणी तिनेच केली आणि लग्नात करवली म्हणून तीच उभी होती. पुढे तिचे यजमान गेले आणि तेव्हापासून ती माहेरी, याच घरात आहे. आज तिचे वय एक्याऐंशी आहे.

काका : आक्का पुढे येणार नाही.

ताई : तिला कोणी बोलावले आहे का, म्हणून ती येणार नाही? ज्या माणसामुळे हे लग्न झाले त्या माणसाने पन्नासाव्या वर्षी खांबाआड उभे राहावयाचे, हे मला सहन होणार नाही. महर्षी कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्या बालविधवा होत्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. आणि तोच संसार 1950 साली गोदूबाईंचे निधन होईपर्यंत सत्तावन्न वर्षे चालला. ज्या विवाहाला लोकांनी अशुभ म्हटले त्याची पन्नास वर्षे 1943 सालीच भरली. त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, आणि आपण अजून ताम्हन कोणाच्या हातात द्यावे याची यादी करीत आहोत.

काका : तू मला चुकीच्या ठिकाणी धरते आहेस, पोरी. आक्काच्या हातून औक्षण झाले तर काही अशुभ होईल असे मला वाटत नाही, आणि दादांना तर मुळीच वाटणार नाही. मला भीती आहे ती आक्काची. जिला चाळीस वर्षे प्रत्येक मंगलकार्यात मागे सरण्याची सवय लागली, तिला तू दोनशे माणसांसमोर हाताला धरून पुढे आणलेस, तर ती नाही म्हणेल, तू आग्रह करशील, सगळे पाहतील. आणि जी गोष्ट तिने इतकी वर्षे कोणाच्या लक्षात येऊ न देता सोसली ती त्या दिवशी सर्वांच्या चर्चेचा विषय होईल. तिचा मान राखावयाचा तर त्या प्रसंगी तिला विचारण्याची वेळच येता कामा नये.

ताई : मग तो राखावयाचा कसा?

काका : पत्रिकेत. जुन्या रिवाजाने घरातील सर्वांत वडील माणसाचे नाव निमंत्रणाच्या अग्रभागी येते. मुलांचे वडील हयात असले तरी आजोबा असतील तर आजोबांचे. या घरात आज सर्वांत वडील आक्का आहे. ‘आमच्या आत्या’ म्हणून तिचे नाव पहिले घाल, आणि त्याखाली तुम्हां तिघांची नावे जन्मक्रमाने घाल, जावयांसह. तिचे माहेरचे, म्हणजे आपले, नाव लोकांना ठाऊक आहे. ‘अमक्या वाड्यातील आक्का’ म्हटले की दादांचा प्रत्येक स्नेही पत्रिका ओळखेल. ती यजमानीण झाली की दारात ती उभी राहील, कारण यजमानाला मागे सरता येत नाही. औक्षणाच्या वेळी ताम्हन घरच्या बायका आपोआप पहिल्यांदा तिच्याच हातात देतील. आणि ‘पाच सुवासिनी’ हे शब्द काढून टाक. औक्षण होईल एवढेच पुरे.

हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिने जावयांचा मुद्दा, जो काकांनी बोलता बोलता सोडून दिला होता, पुन्हा उकरून काढला नाही. माझ्या मते या संपूर्ण बोलण्यातला विशेष हाच की सुधारणेचा आग्रह धरणाऱ्या पुतणीला जे साधावयाचे होते ते परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या काकांनी परंपरेतल्याच एका जुन्या नियमाने साधून दिले. आणि असे करता आले याचे कारण दोघांच्याही मनात नियमाच्या अगोदर माणूस उभा होता.

उरला प्रश्न बोलवायचे कोणाला आणि आहेराविषयी काय लिहावयाचे. मुलांनी केलेली यादी तिघांच्या आपापल्या कचेरीतील सहकाऱ्यांनी, सोसायटीतील शेजाऱ्यांनी आणि मित्रांनी भरली होती. आई-बाबांच्या ओळखीची माणसे तिच्यात चौथ्या हिश्शानेही नव्हती. काकांनी त्यावर काही टीका केली नाही. त्यांनी दप्तरातून आणखी एक वही काढली. ती 1975 च्या लग्नातील आहेराची वही होती. लाल कापडी बांधणीची, गावनिहाय नावे लिहिलेली, नावापुढे कोठे रोख पाच रुपये, कोठे अकरा, कोठे तांब्या, कोठे पंचपाळे. कित्येक नावांपुढे वेगळ्या शाईने लहानशी खूण होती. त्या माणसाच्या घरी पुढे कार्य निघाले आणि तेवढाच आहेर परत गेला, याची ती नोंद.

काका : तुझी यादी या वहीवरून करावयाची. यातली पुष्कळ माणसे गेली. पण जी उरली आहेत त्यांच्या नावापुढे तू पत्ता लिहीत जा, आणि जी गेली त्यांच्या मुलांना पत्रिका पाठवताना वर ‘आपले कै. वडील या विवाहास उपस्थित होते’ एवढे हाताने लिही. मात्र एक काळजी घे. छापण्यापूर्वी आणि पुन्हा टपालात टाकण्यापूर्वी, अशी दोनदा ही यादी माझ्याकडून आणि मामांकडून तपासून घे. मधल्या महिन्यात कोणी गेले आणि पाकिटावर ‘श्री.’ लिहिलेली पत्रिका त्या घरी पोहोचली, तर ती चूक त्या घराच्या मनातून जात नाही.

ताई : आणि ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ ठेवावी ना? बहुतेक माणसे निवृत्तिवेतनावर जगणारी आहेत. निमंत्रण आले की काय न्यावे या चिंतेत कोणी पडू नये.

काका : ओळ ठेव, पण ती एकटीच ठेवू नकोस. या वहीत बघ. ज्या माणसाने तेव्हा पाच रुपये लिहवून घेतले त्याचा पगार किती होता मला ठाऊक आहे. देणे हा त्याच्या येण्याचा भाग होता. तो आज काठी टेकत येईल आणि तू दारातच त्याला सांगशील की काही देऊ नका, तर त्याला आपण रिकाम्या हाताने उभे आहोत असे वाटेल. त्याच्याकडून दुसरे काही मागून घे.

ताई : लग्नातली एखादी आठवण लिहून आणा असे लिहू का? पोस्टकार्डाएवढा कोरा कागद पत्रिकेसोबतच घालू. जुनी छायाचित्रे असतील तर तीही पाहावयास आणावीत, आम्ही प्रत काढून मूळ त्यांचे त्यांना परत देऊ. आई-बाबांच्या लग्नाची छायाचित्रे घरी मोजकीच आहेत.

काका : हे मला पसंत आहे. आणि आठवण ज्यांना लिहवणार नाही, हात कापतो किंवा दिसत नाही, त्यांच्याकडे तुमच्यापैकी कोणीतरी आधी जाऊन ती लिहून घ्यावी. तेच त्यांचे निमंत्रण.

यानंतरचा तपशील दोघांनी भराभर ठरविला, कारण त्यात मतभेदाला जागाच नव्हती. मे महिन्यातले ऊन लक्षात घेता संध्याकाळचा समारंभ मुलांना सोयीचा वाटत होता. पण सत्तरी-ऐंशीच्या माणसांना रात्री परत फिरणे कठीण, म्हणून वेळ सकाळी साडेदहाची धरली आणि भोजन साडेबाराला, ज्यांना औषधाच्या वेळा पाळावयाच्या असतात त्यांना त्या पाळता याव्यात म्हणून. या दोन्ही वेळा पत्रिकेवर छापावयाच्या, शिवाय कार्यालय तळमजल्यावर आहे हेही छापावयाचे. कारण जिना चढावा लागेल की नाही एवढ्याच शंकेपायी कित्येक वृद्ध घरी थांबतात आणि कोणाला विचारीत नाहीत. मुलांचे भ्रमणध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत घालावयाचे. मोबाइलवर पत्रिकेचे चित्र पाठवावयाचे ते फक्त मुलांच्या स्नेह्यांना. वहीतल्या माणसांना कागद जाणार, आणि साताऱ्यातल्या घरी काका आणि ताई स्वतः अक्षता घेऊन जाणार. छापील पत्रिका सहा आठवडे आधी टपालात पडली पाहिजे, असे काकांचे म्हणणे होते. ताईने चार आठवडे सुचविले होते, पण रेल्वेची आरक्षणे आठवल्यावर तिने सहा मान्य केले.

एक गोष्ट मात्र दोघांत मिटली नाही. मुलांचा बेत आई-बाबांना आयत्या वेळी कळविण्याचा, म्हणजे सकाळी कार्यालयात नेऊन चकित करण्याचा होता, आणि ताईलाही तो प्रिय होता.

काका : पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी दादा-वहिनींना वाचून दाखविलीच पाहिजे.

ताई : मग त्यात आनंद तो काय राहिला, काका? आईने आयुष्यभर सगळ्यांच्या सणांची तयारी केली. एक दिवस तिच्यासाठी आयता यावा एवढीच माझी इच्छा आहे. तिला सांगितले की ती त्याच दिवसापासून लाडूंचा हिशेब करू लागेल.

काका : करू दे. या वहीत वहिनींच्या वडिलांनी बोलावलेली अशी माणसे असतील की ज्यांची नावे तुलाही ठाऊक नाहीत आणि मलाही नाहीत. त्यांची आठवण फक्त तिला आहे. आणि तिच्या नावापुढे ‘माहेरची कुसुम’ असे आपण लिहिले. ते नाव चारचौघांत छापलेले तिला आवडेल की नाही, हे तिला विचारल्यावाचून कसे ठरविशील?

या शेवटच्या प्रश्नाला ताईपाशी उत्तर नव्हते. तिने मसुद्याची स्वच्छ प्रत करून घेतली. ‘आमचे तीर्थरूप आई-बाबा, सौ. वसुधा (माहेरची कुसुम) व श्री. विनायक, यांचा विवाह शके 1897 च्या वैशाखात, दि. 18 मे 1975 रोजी आपणां सर्वांच्या साक्षीने झाला. त्यास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी जे होते त्यांना पुन्हा भेटावे आणि जे नव्हतो त्यांनी त्यांच्याकडून तो दिवस ऐकावा, यासाठी आपण अगत्य यावे,’ असा तिचा मुख्य मजकूर होता, आणि खाली निमंत्रकांत पहिले नाव आत्याचे होते. प्रत आणि लाल वही दोन्ही पिशवीत घालून ती उठली. आईला हे सर्व दाखवावयाचे की नाही याचा निर्णय भावंडांना विचारून रात्री कळवीन, असे तिने सांगितले. आणि काकांनी तिला बजावले की होकार आला तर वही आईच्या हाती दे, पण सासरकडची पाने सोडून माहेरकडच्या पानांपासून वाचायला सांग.